अवलंबनांचे मिनिमल कव्हर : प्रस्तावना

डेटाबेसमधल्या एखाद्या टेबलाविषयी जे नियम सांगितले जातात, त्यांतला सर्वांत साधा आणि सर्वाधिक उपयोगी पडणारा नियम म्हणजे फंक्शनल डिपेंडन्सी. टेबलातल्या कोणत्याही दोन ओळींत डावीकडच्या रकान्यांच्या किमती सारख्या असतील, तर उजवीकडच्या रकान्यांच्या किमतीही सारख्याच असल्या पाहिजेत, एवढेच हा नियम सांगतो. सभासद क्रमांक कळला की बँक खाते निश्चित होते, ही अट ‘सभासद → खाते’ अशी लिहितात. या पुस्तकात अशा नियमाला अवलंबन म्हटले आहे.

एकेक अवलंबन समजायला सोपे असते. त्यांची यादी झाली की गुंतागुंत सुरू होते. डेटाबेस आखणारा माणूस कारकुनाला, हिशेबनीसाला, व्यवस्थापकाला विचारत फिरतो आणि प्रत्येक जण आपल्या कामापुरते नियम सांगतो. एकच नियम दोन तोंडांनी दोन वेषांत येतो. काही नियमांत गरज नसलेले रकाने घुसलेले असतात, तर काही नियम इतर नियमांतून आपोआप निघत असतात. अशा यादीचा अर्थ तसूभरही न बदलता तिच्यातला सगळा भरणा काढून टाकला की जे उरते, ते मिनिमल कव्हर. ते शोधण्याची पद्धत, तिच्यामागचा तर्क आणि तिच्या मर्यादा हा या पुस्तकाचा विषय आहे.

या विषयाची सुरुवात १९७० साली झाली असे म्हणता येते. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी त्या वर्षी रिलेशनल मॉडेल मांडले आणि पुढच्या एकदोन वर्षांत त्यांनीच अवलंबनांच्या आधारे दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म सांगितला. एकच माहिती अनेक ओळींत लिहिली गेली की एका ओळीत ती बदलते आणि दुसरीत जुनीच राहते. हे टाळायचे तर टेबले कशी तोडावीत, हा कॉड यांचा प्रश्न होता. त्यांच्या मांडणीत अवलंबने हाताशी आहेत असे गृहीत होते. दिलेल्या अवलंबनांतून आणखी कोणती निघतात, याचा संपूर्ण हिशेब अजून व्हायचा होता.

तो हिशेब १९७४ मध्ये विल्यम आर्मस्ट्राँग यांनी दिला. त्यांच्या मांडणीतून तीन नियम रूढ झाले. रकान्यांचा गट स्वतःच्या कोणत्याही भागाला निश्चित करतो. दोन्ही बाजूंना सारखेच रकाने जोडले तरी अवलंबन खरे राहते. एकातून दुसरे आणि दुसऱ्यातून तिसरे निश्चित होत असेल, तर पहिल्यातून तिसरे निश्चित होते. दिलेल्या यादीतून तर्काने जे जे निघते, ते सगळे या तिघांच्या मदतीने गाठता येते, आणि जे निघत नाही ते यांच्यामुळे चुकूनही निघत नाही. त्यामुळे ‘दोन याद्यांचा अर्थ एकच आहे का’ या प्रश्नाला नेमके उत्तर मिळू लागले. एका यादीतले प्रत्येक अवलंबन दुसरीतून निघत असेल आणि दुसरीतले पहिलीतून, तर त्या याद्या समकक्ष. कव्हर म्हणजे अशी समकक्ष यादी.

यानंतर विचारांचे दोन प्रवाह झाले. पहिला तोडणीचा. सगळे रकाने एकाच मोठ्या टेबलात घ्यायचे आणि दोष दिसेल तिथे त्याचे दोन भाग करत जायचे. कॉड यांचा मार्ग हाच होता, आणि बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्मपर्यंत आजही याच मार्गाने जातात. त्यात माहिती हरवत नाही, पण एखादे अवलंबन दोन टेबलांत विभागले जाऊ शकते आणि मग ते तपासायला दर वेळी टेबले जोडावी लागतात. दुसरा प्रवाह जुळणीचा. फिलिप बर्नस्टीन यांनी १९७६ मध्ये उलट बाजूने सुरुवात केली. आधी अवलंबनांची यादी स्वच्छ करायची, मग समान डावी बाजू असलेली अवलंबने एकत्र करून प्रत्येक गटाचे एक टेबल बनवायचे. असे केले की प्रत्येक टेबल तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये येते आणि एकही अवलंबन विखुरले जात नाही. पण यादी स्वच्छ नसेल तर टेबलेही स्वच्छ निघत नाहीत. मिनिमल कव्हरला आज जे स्थान आहे, ते प्रामुख्याने या जुळणीमुळे.

पाठ्यपुस्तकांतही दोन घराणी आढळतात. एका घराण्यात प्रत्येक अवलंबनाच्या उजवीकडे एकच रकाना ठेवतात आणि त्याला मिनिमल कव्हर म्हणतात. दुसऱ्यात प्रत्येक डावी बाजू यादीत एकदाच येते, उजवीकडचे रकाने एकत्र लिहिले जातात, आणि त्याला कॅनॉनिकल कव्हर म्हणतात. सिल्बरशात्झ, कोर्थ आणि आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन यांचे भारतभर अभियांत्रिकीला वापरले जाणारे पुस्तक दुसऱ्या घराण्यातले आहे. दोन्हींचा गाभा एकच आहे, कारण पहिल्यातली समान डावी बाजू असलेली अवलंबने एकत्र लिहिली की दुसरे मिळते. या पुस्तकाने पहिली पद्धत घेतली आहे. उजवीकडे एकच रकाना असला की प्रत्येक तपासणीचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येते.

या सगळ्या तपासण्यांचे हत्यार एकच आहे : क्लोजर. रकान्यांचा एक गट घ्यायचा आणि त्यातून काय काय निश्चित होते ते गोळा करायचे. सुरुवातीला गोळा झालेल्या संचात फक्त तो गट असतो. मग यादीवरून नजर फिरवायची. ज्या अवलंबनाची पूर्ण डावी बाजू संचात आली आहे, त्याची उजवी बाजू संचात टाकायची. एका पूर्ण फेरीत नवे काही आले नाही की थांबायचे. ‘अबक → ड’ हे यादीतून निघते का, हे पाहायचे तर ‘अबक’चा क्लोजर काढून त्यात ‘ड’ आहे का ते बघायचे. आर्मस्ट्राँगचे नियम एकामागून एक लावून सिद्धता शोधण्याची गरज उरत नाही. बीरी आणि बर्नस्टीन यांनी १९७९ मध्ये दाखवले, की प्रत्येक अवलंबनाच्या डावीकडचे किती रकाने अजून यायचे आहेत याची मोजणी ठेवली, तर यादीच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेऊन क्लोजर काढता येतो.

क्लोजर नसता तर काय झाले असते, याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. ८ रकान्यांचे २५६ गट होतात. कोणत्याही गटातून कोणत्याही गटाकडे बाण काढता येतो असे धरले, तर ६५,५३६ बाण संभवतात. यादीतून निघणारी सगळी अवलंबने लिहून दोन याद्यांची तुलना करणे म्हणूनच कुणी करत नाही. पुढचे ८ रकान्यांचे उदाहरण दोनेक डझन क्लोजरांत संपते.

उदाहरण गावातल्या दूध संकलन केंद्राचे आहे. सोपेपणासाठी केंद्र एकच, दूध फक्त गायीचे आणि लागू असलेले दरपत्रकही एकच धरले आहे. सभासद सकाळी किंवा संध्याकाळी दूध घालतो, मशीनवर फॅट आणि एसएनएफ मोजले जाते, दरपत्रकातून लिटरचा दर निघतो आणि पावती छापली जाते. लिटर आणि रक्कम हे रकाने बाजूला ठेवले आहेत. केंद्रावरच्या लोकांना विचारून मिळालेले नियम असे :

```
पावती → सभासद, तारीख, वेळ, फॅट, एसएनएफ
सभासद → खाते
सभासद, तारीख, वेळ → फॅट
सभासद, खाते, तारीख, वेळ, फॅट → पावती
फॅट, एसएनएफ → दर
पावती, फॅट → दर
```

यातला एकही नियम खोटा नाही. चौथा नियम सांगणाऱ्याने वहीतली ओळच वाचून दाखवली आहे, आणि सहावा पावतीवर फॅट व दर शेजारी छापलेले पाहून आला आहे. यादी जमा होताना भरणा असाच शिरतो.

पहिली पायरी उजवी बाजू सुटी करण्याची. पहिल्या नियमाचे पाच होतात आणि एकूण दहा अवलंबने मिळतात :

```
१   पावती → सभासद
२   पावती → तारीख
३   पावती → वेळ
४   पावती → फॅट
५   पावती → एसएनएफ
६   सभासद → खाते
७   सभासद, तारीख, वेळ → फॅट
८   सभासद, खाते, तारीख, वेळ, फॅट → पावती
९   फॅट, एसएनएफ → दर
१०  पावती, फॅट → दर
```

उजवी बाजू अशी तोडता येते, डावी मात्र तोडता येत नाही. ‘फॅट, एसएनएफ → दर’ याचे ‘फॅट → दर’ आणि ‘एसएनएफ → दर’ असे दोन तुकडे केले तर नियमाचा अर्थच बदलतो. एकटा फॅट दर ठरवत नाही. नवशिक्यांच्या वह्यांत ही चूक वारंवार दिसते.

दुसरी पायरी डावीकडचे अनावश्यक रकाने काढण्याची. एक रकाना वगळून उरलेल्या डाव्या बाजूचा क्लोजर काढायचा. त्यात उजवा रकाना आला, तर वगळलेल्याची गरज नव्हती. हा क्लोजर पूर्ण यादी वापरून काढायचा असतो. तपासणीखालचे अवलंबनही त्या यादीत राहते.

सातव्यापासून सुरुवात करू. सभासद वगळला तर ‘तारीख, वेळ’ यांतून पुढे काहीच निघत नाही. तारीख किंवा वेळ वगळली, तर सभासदामुळे खाते तेवढे मिळते आणि फॅट येत नाही. तिन्ही रकाने हवेतच.

आठव्यात पाच रकाने आहेत. खाते वगळले, तर उरलेल्यांत सभासद आहे, त्यातून सहाव्यामुळे खाते परत येते आणि आठव्याचीच डावी बाजू पूर्ण होऊन पावती मिळते. खाते गेले. आता डावीकडे सभासद, तारीख, वेळ आणि फॅट उरले. फॅट वगळला, तर सातव्यामुळे तो परत येतो आणि पावती मिळते. फॅटही गेला. उरलेल्या तिघांपैकी कोणताही वगळला तर पावतीपर्यंत पोहोचता येत नाही. आठवे आता ‘सभासद, तारीख, वेळ → पावती’ असे झाले.

नवव्यात फक्त फॅट किंवा फक्त एसएनएफ ठेवला तर क्लोजर जागचा हलत नाही. ते जसेच्या तसे राहते. दहाव्यात फॅट वगळला, तर एकट्या पावतीतून सभासद, तारीख, वेळ, फॅट, एसएनएफ, खाते आणि शेवटी नवव्यामुळे दरही मिळतो. दहावे ‘पावती → दर’ एवढेच उरले.

रकाने एकामागून एकच काढायचे आणि पुढचा क्लोजर सुधारलेल्या यादीवर काढायचा. समजा, दोन रकाने एकमेकांना निश्चित करतात आणि दोन्ही एकाच डाव्या बाजूला आहेत. दोघांपैकी कोणताही एक वगळता येतो. दोघांची तपासणी वेगवेगळी करून दोघांनाही एकदम काढले, तर नियम उरतच नाही.

तिसरी पायरी अनावश्यक अवलंबने काढण्याची. येथे उलट शिस्त पाळावी लागते. तपासणीखालचे अवलंबन यादीतून दूर ठेवायचे, मग त्याच्या डाव्या बाजूचा क्लोजर काढायचा. तरीही उजवा रकाना आला, तर ते अवलंबन बाकीच्यांतून निघते आणि त्याला कायमचे काढता येते. दूर ठेवायला विसरले, तर प्रत्येक अवलंबन स्वतःलाच सिद्ध करते आणि सगळी यादी अनावश्यक ठरते. हाताने सोडवताना निकाल संशयास्पद लहान आला, तर आधी हीच जागा पाहावी.

सातव्यापासून पाहू. ते दूर ठेवले तरी ‘सभासद, तारीख, वेळ’ यांतून सुधारलेल्या आठव्यामुळे पावती मिळते आणि पावतीतून चौथ्यामुळे फॅट. सातवे काढून टाकता येते. त्यानंतर चौथे तपासले, तर पावतीतून सभासद, तारीख, वेळ, एसएनएफ, खाते आणि दर मिळतात, पण फॅट मिळत नाही. चौथे राहते. पहिले, दुसरे, तिसरे आणि पाचवे यांचेही तसेच : दूर ठेवलेला रकाना दुसऱ्या कोणत्याही वाटेने येत नाही. सहाव्याशिवाय खाते मिळत नाही, आठव्याशिवाय पावती मिळत नाही, नवव्याशिवाय ‘फॅट, एसएनएफ’ यांतून दर मिळत नाही. दहावे मात्र दूर ठेवले तरी पावतीतून फॅट आणि एसएनएफ येतात आणि नवव्यामुळे दर मिळतो. दहावे गेले. उरले ते असे :

```
पावती → सभासद, तारीख, वेळ, फॅट, एसएनएफ
सभासद, तारीख, वेळ → पावती
सभासद → खाते
फॅट, एसएनएफ → दर
```

पहिल्या ओळीत सोयीसाठी पाच अवलंबने एकत्र लिहिली आहेत. सुटी मोजली तर आठ होतात. दहांतली दोन गेली आणि एक नियम पाच रकान्यांवरून तिनावर आला. पडताळणी करायची तर मूळ सहा नियमांतला प्रत्येक नियम या यादीतून निघतो का, ते क्लोजरने पाहायचे. उदाहरणार्थ ‘सभासद, तारीख, वेळ’ यांतून पावती आणि पावतीतून फॅट. म्हणजे काढून टाकलेले सातवे अवलंबन शाबूत आहे. उलट दिशाही तपासायची : ‘सभासद, तारीख, वेळ → पावती’ हे मूळ यादीतून निघते का? सभासदातून खाते, सातव्यातून फॅट, मग जुन्या आठव्यातून पावती. निघते.

येथे एक फाटा येतो. तिसऱ्या पायरीत सातव्याआधी चौथे तपासले असते, तर वेगळे घडले असते. चौथे दूर ठेवले तरी पावतीतून सभासद, तारीख, वेळ मिळतात आणि त्यांतून सातव्यामुळे फॅट. म्हणजे चौथे गेले असते आणि सातवे राहिले असते. ती यादीही आठच अवलंबनांची आणि तितकीच बरोबर. एका यादीची मिनिमल कव्हरे अनेक असू शकतात, म्हणून परीक्षेतले उत्तर शेजाऱ्याशी जुळले नाही एवढ्यावरून ते चुकले असे ठरत नाही. समकक्षता तपासावी लागते. दुसरीकडे, चौथे आणि सातवे ही दोन्ही ‘एकेकटी अनावश्यक’ दिसतात म्हणून दोन्ही एकदम काढली, तर फॅटकडे जाणारी वाटच बंद होते.

दुसरी आणि तिसरी पायरी यांचा क्रम का बदलू नये, हेही याच केंद्राच्या चार नियमांवरून दिसते. समजा, यादीत एवढेच आहे :

```
पावती → फॅट
सभासद → खाते
सभासद, तारीख, वेळ → फॅट
सभासद, खाते, तारीख, वेळ, फॅट → पावती
```

आधी अनावश्यक अवलंबने शोधली तर एकही सापडत नाही. तिसरे दूर ठेवले की ‘सभासद, तारीख, वेळ’ यांतून फक्त खाते मिळते. चौथ्याला फॅट हवा असतो आणि तो येत नाही. मग डाव्या बाजू छाटल्या की चौथे ‘सभासद, तारीख, वेळ → पावती’ होते. आता तिसरे अनावश्यक झाले आहे, कारण पावतीतून फॅट मिळतो. पण अनावश्यक शोधण्याची पायरी तर आधीच उरकलेली, आणि भरणा यादीत तसाच राहतो.

क्रम बरोबर असला, तर प्रत्येक पायरी एकदाच करावी लागते. छाटणीच्या पायरीत यादीचा अर्थ बदलत नाही, म्हणून जो रकाना एकदा आवश्यक ठरला तो नंतरही आवश्यकच राहतो. तिसऱ्या पायरीत यादी लहान होत जाते. मोठ्या यादीतही जे अवलंबन इतरांतून निघाले नाही, ते लहान यादीतून निघण्याचा प्रश्नच नाही. शिवाय तिसऱ्या पायरीनेही एकूण अर्थ तोच राहत असल्याने दुसरीकडे परत जावे लागत नाही.

या कव्हरवरून बर्नस्टीन यांच्या पद्धतीने टेबले बांधायला फार वेळ लागत नाही. पहिल्या दोन ओळींच्या डाव्या बाजू एकमेकींना निश्चित करतात, म्हणून त्या एकाच टेबलात येतात : पावती, सभासद, तारीख, वेळ, फॅट, एसएनएफ. दुसरे टेबल सभासद आणि खाते यांचे, तिसरे फॅट, एसएनएफ आणि दर यांचे. पावतीच्या क्लोजरमध्ये आठही रकाने येतात, म्हणजे पावती ही सगळ्या नोंदीची की आहे आणि ती पहिल्या टेबलात आहे. त्यामुळे तिन्ही टेबले जोडली की मूळ माहिती जशीच्या तशी मिळते. कोणत्याच टेबलात अशी की नसती, तर फक्त कीच्या रकान्यांचे आणखी एक टेबल जोडावे लागले असते. मूळ सहा नियमांवरून थेट टेबले केली असती तर खाते प्रत्येक पावतीसोबत लिहिले गेले असते. सभासदाने बँक बदलल्यावर जुन्या शेकडो ओळी दुरुस्त कराव्या लागल्या असत्या.

मिनिमल या शब्दाचा अर्थ ‘आता आणखी काही काढता येत नाही’ असा आहे. ‘याहून लहान यादी असूच शकत नाही’ असा नाही. हा फरक डेव्हिड मायर यांनी १९८० मध्ये नीट उलगडला. कमीत कमी अवलंबने असलेले कव्हर बेताच्या वेळात शोधता येते, हे त्यांनी दाखवले. कमीत कमी अक्षरे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंचे रकाने मिळून सर्वांत लहान यादी शोधणे हे मात्र एनपी-कम्प्लीट निघते, म्हणजे सर्व याद्यांसाठी झटपट चालणारी रीत कुणाला माहीत नाही. रोजच्या आखणीला वरची तीन पायऱ्यांची पद्धत पुरते.

दुसरी मर्यादा गणिताबाहेरची आहे. यादीतला नियम जगात खरा आहे की नाही, हे कव्हर शोधण्याची पद्धत तपासत नाही. केंद्राचे दरपत्रक बदलले की ‘फॅट, एसएनएफ → दर’ खोटे ठरते. त्याच फॅट-एसएनएफला जुन्या आणि नव्या तारखेला वेगळे दर असतात. मग डावीकडे तारीख किंवा दरपत्रकाचा क्रमांक यावा लागतो. सभासद एकाच वेळी गायीचे आणि म्हशीचे दूध घालू लागला, तर ‘सभासद, तारीख, वेळ → फॅट’ मोडते. नियम मोडल्याची खूण आधीच्या नोंदींत सापडू शकते :

```sql
SELECT sabhasad, tarikh, vel
FROM nondi
GROUP BY sabhasad, tarikh, vel
HAVING COUNT(DISTINCT fat) > 1;
```

या क्वेरीने एक जरी ओळ दिली, तरी नियम खोटा ठरतो. एकही ओळ आली नाही म्हणून तो खरा ठरत नाही, आजवर मोडला नाही एवढेच कळते. शिवाय `COUNT(DISTINCT ...)` रिकाम्या, म्हणजे `NULL` किमती मोजत नाही, त्यामुळे फॅट लिहायचा राहून गेलेल्या ओळी या जाळ्यातून निसटतात.

हाच मुद्दा आज वेगळ्या बाजूने समोर येतो. आता नियम माणसांना विचारण्याबरोबरच साठलेल्या माहितीतून आपोआपही शोधले जातात. फिनलंडमधील संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेली टेन ही पद्धत या वाटेवरची एक प्रसिद्ध पायरी. रुंद टेबलावर अशी पद्धत चालवली की नियमांची प्रचंड यादी हाती येते. त्यांत खरे नियम असतात, योगायोगाने जुळलेले असतात आणि एकमेकांतून निघणारेही असतात. कव्हर काढल्याने तिसऱ्या प्रकाराचा भार हलका होतो. योगायोग मात्र कव्हरमध्येही टिकून राहतात. ते ओळखायला केंद्रावरच्या माणसालाच विचारावे लागते. उलट, घाईने कव्हर काढून मग विचारले, तर योगायोगाने आलेल्या नियमाच्या जोरावर एखादा खरा नियम आधीच गळालेला असू शकतो. म्हणून खरेखोटे आधी, कव्हर नंतर.

या पुस्तकाने आपला आवाका त्यानुसार आखला आहे. मल्टिव्हॅल्यूड डिपेंडन्सी आणि चौथा नॉर्मल फॉर्म यांना त्यात जागा नाही, कारण तिथे क्लोजरचे साधे हत्यार पुरत नाही. टेबल, ओळ आणि की म्हणजे काय हे माहीत असलेला वाचक गृहीत धरला आहे. त्याहून अधिक गणित लागत नाही. प्रत्येक उदाहरणात क्लोजर पूर्ण लिहिलेला आहे, कोणत्या अवलंबनामुळे कोणता रकाना आला ते दाखवलेले आहे, आणि जिथे तपासणीचा क्रम बदलल्याने वेगळे कव्हर मिळते तिथे दोन्ही कव्हरे दिलेली आहेत. नियम खरे आहेत का, हे ठरवण्यासाठी वेगळा भाग राखला आहे, आणि तो छाटणीच्या आधी येतो. वाचकाने दूध केंद्राचे उदाहरण कागदावर पुन्हा एकदा सोडवावे. या वेळी दरपत्रक बदलते असे धरून नवव्या अवलंबनाच्या डावीकडे तारीख घालावी. कव्हरमध्ये तेवढेच एक अवलंबन बदलते आणि दराच्या टेबलात तारखेचा रकाना येतो. पावती तारीख निश्चित करते, म्हणून दहावे अवलंबन या वेळीही अनावश्यकच ठरते.